परीक्षकांनी विचारलंय: हीच चाचणी का, एवढाच नमुना का?

*शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करतेय. आमच्याच शाळेतल्या आठवीच्या दोन तुकड्या घेतल्या, एकीत ३४ मुलं, दुसरीत ३२. बैजिक राशींवर उपचारात्मक अध्यापनाचा कार्यक्रम तयार केला होता. प्रायोगिक तुकडीला मी शिकवलं, नियंत्रित तुकडीला सहकारी बाईंनी नेहमीच्या पद्धतीने. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी ४० गुणांची. टी-चाचणी लावली, फरक सार्थक आला. आता बहिःस्थ परीक्षकांच्या अहवालात दोन प्रश्न आलेत: टी-चाचणीच का निवडली, आणि ६६ हा नमुना कशाच्या आधारे ठरवला. मौखिक परीक्षेआधी लेखी खुलासा द्यायचाय. खरं तर तुकड्या होत्या तेवढीच मुलं घेतली. मैत्रिणीने ३८४ चा तक्ता दाखवला, तो बघून पोटात गोळाच आला. एका ओळखीच्या संशोधकाने G*Power मध्ये इफेक्ट साइझ ०.७ टाकून दाखवलं. उत्तर येतं प्रत्येक गटात ३४. "हे आधीच काढलं होतं असं लिहून टाका," म्हणाले. लिहू का?*

*एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा*

ताई, तसं लिहू नका. ते खरं नाही, हे पहिलं कारण. दुसरं कारण असं की ते उत्तर टिकतही नाही. ०.७ वाचल्यावर परीक्षक लगेच विचारतील, हा आकडा कुठून आला? आधीचा कोणता अभ्यास, कोणती पथदर्शी चाचणी? तुमच्याकडे त्याचं उत्तर नाही, कारण ३४ यावेत म्हणून ०.७ निवडलेत. ०.५ टाकले असते तर प्रत्येक गटात ६४ आले असते, ०.८ टाकले असते तर २६. हे सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्या माणसाला आकडा उलटा बसवलाय हे एका नजरेत कळतं. शिवाय नोंदणीच्या वेळचा तुमचा संशोधन आराखडा विद्यापीठात आहे. त्यात नमुन्याच्या परिच्छेदात काय लिहिलं होतं ते आज काढून वाचा. बहुधा ‘आठवीच्या दोन तुकड्या’ एवढंच असेल. खुलाशातलं उत्तर त्या कागदाशी जुळलं पाहिजे.

तुमच्या पत्रात एक गृहीतक दडलंय: परीक्षकांना एखादा ‘बरोबर’ आकडा हवाय आणि तो तुमच्याकडे नाही. मला तसं वाटत नाही. शाळेत प्रयोग करणाऱ्या संशोधकाला तयार तुकड्याच मिळतात, मुलं चिठ्ठ्या टाकून वाटता येत नाहीत, हे शिक्षणशास्त्राच्या परीक्षकांना पुरेपूर माहीत असतं. त्यांना दोन गोष्टी बघायच्या असतात. नमुना कसा आला हे तुम्ही सरळ सांगता का, आणि एवढ्या नमुन्यावरून काय म्हणता येतं नि काय नाही याचा तुम्हाला अंदाज आहे का. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि प्रबंधात बहुतेक वेळा तीच नसते.

आधी ३८४ चा निकाल लावू. तो आकडा १९७० च्या क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या तक्त्यातला. सर्वेक्षणातून एखादं प्रमाण काढायचं असेल, समजा किती टक्के पालक शिकवणी लावतात, आणि ते पाच टक्क्यांच्या आतबाहेर अचूक हवं असेल, तर मोठ्या जनसंख्येतून किती जण यादृच्छिक निवडायचे याचं ते उत्तर आहे. तुम्ही प्रमाण काढत नाही, दोन गटांच्या मध्यमानांतला फरक तपासताय. त्या तक्त्याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही आणि खुलाशात त्याचं नावही काढायची गरज नाही. परीक्षकांनीच विषय काढला तर हे एक वाक्य पुरे. ‘३० च्या वर गेला की मोठा नमुना’ हेही लिहू नका. फार फार तर मध्यमानाचं वितरण बऱ्यापैकी प्रसामान्य होतं एवढंच त्यातून निघतं, आणि मूळ गुण फारच एकांगी असतील तर ३० ला तेही नाही. फरक पकडायला नमुना पुरेसा आहे का, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

मग पुरेसा आहे की नाही ते कसं सांगायचं? तुमच्या तक्त्यावरूनच करून बघू. उत्तरचाचणीत प्रायोगिक गटाचं मध्यमान २४.६, प्रमाण विचलन ५.८. नियंत्रित गटाचं २१.२ आणि ६.२. फरक ३.४ गुणांचा. दोन्ही गटांचं मिळून प्रमाण विचलन साधारण ६ येतं आणि फरकाची प्रमाण त्रुटी १.४८. ३.४ ला १.४८ ने भागलं की तुमचं टी मूल्य २.३० मिळतं. प्रबंधात तुम्ही इथेच थांबलात: ‘टी मूल्य सारणी मूल्यापेक्षा जास्त, शून्य परिकल्पनेचा त्याग.’

याच आकड्यांतून आणखी दोन गोष्टी निघतात, आणि नमुन्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यात आहे.

पहिली, फरकाचा ९५ टक्के विश्वास-अंतराल. प्रमाण त्रुटीला २ ने गुणा, ३.४ मधून वजा करा नि मिळवा: साधारण ०.४ ते ६.४ गुण. म्हणजे या आकडेवारीशी जुळणारा खरा फरक अर्ध्या गुणाइतका नगण्य असू शकतो आणि सहा गुणांइतका दणदणीतही असू शकतो. ६६ मुलांच्या नमुन्याची हीच खरी मर्यादा. दिशा दिसते, मोजमाप ढोबळ राहतं. हे प्रबंधात एका वाक्यात असतं तर नमुन्याबद्दलचा प्रश्न कदाचित आलाच नसता.

दुसरी, हा नमुना किती मोठा फरक पकडू शकत होता. यासाठी G*Power जरूर वापरा, पण त्यातला दुसरा पर्याय घ्या. ‘Type of power analysis’ च्या यादीत ‘Sensitivity’ निवडा, दोन गटांची संख्या ३४ आणि ३२ टाका, सार्थकता स्तर ०.०५, पॉवर ०.८०, चाचणी द्विपुच्छ. उत्तर ०.७० च्या आसपास येतं. त्याला प्रमाण विचलनाने, म्हणजे ६ ने, गुणलं की ४.२ गुण. याचा अर्थ असा: कार्यक्रमामुळे खरोखर ४.२ गुणांचा फरक पडत असता, तर तुमच्या एवढ्या नमुन्याने तो शंभरातल्या ऐंशी वेळा सार्थक दाखवला असता. त्याहून लहान फरक निसटण्याची शक्यता जास्त. तुमच्या ओळखीच्या संशोधकांनी दाखवलेला ०.७ हाच आहे. फक्त त्यांनी तो नियोजनाचा आधार म्हणून पुढे केला, आणि खरं तर तो या नमुन्याची कुवत सांगतो. ‘तुकड्या उपलब्ध होत्या तेवढ्याच घेतल्या, एवढ्या नमुन्याची कुवत ही इतकी’ असं लिहिलं तर तोच आकडा तुमच्या बाजूने उभा राहतो.

इथे एक सापळा आहे. एसपीएसएसच्या जनरल लिनियर मॉडेलमध्ये ‘Observed Power’ नावाचा रकाना मागवता येतो, आणि बरेच जण तो आकडा खुलाशात चिकटवतात. तुमच्या बाबतीत तो ०.६२ च्या आसपास येईल, आणि तो बघून उगीच घाबराल. तो आकडा आलेल्या फरकावरूनच काढलेला असतो, म्हणजे पी मूल्यच वेगळ्या कपड्यांत. पी मूल्य बरोबर ०.०५ असेल तर ही पॉवर नेहमी साधारण निम्मी, ०.५०, येते, नमुना कितीही असो. होएनिग आणि हायसी यांनी २००१ मध्ये ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’मध्ये हे नीट मांडलंय. तो रकाना देऊ नका, विश्वास-अंतराल द्या.

आता चाचणी. ‘टी-चाचणीच का’ या प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न असू शकतात, आणि खुलाशात दोन्हींना उत्तर हवं.

एक, मान-व्हिटनी का नाही? म्हणजे, प्रसामान्यता तपासली होती का? तुम्ही शापिरो-विल्क चाचणी लावलीय, पण तक्ता बघता ६६ मुलांचे गुण एकत्र करून. ते पुन्हा करा, प्रत्येक गटाचं वेगळं. दोन गटांची मध्यमानं वेगळी असतील तर एकत्र केलेलं वितरण दोन उंचवट्यांचं दिसू शकतं, आणि त्यात टी-चाचणीच्या अटीचा काही भंग नसतो. अट आहे ती गटाच्या आतल्या विखुरण्याबद्दल. त्याहून महत्त्वाचं, दोन्ही गटांचे आयतालेख काढून डोळ्यांनी बघा. पाहायचं ते हे की ३८-४० गुणांशी मुलांची गर्दी झालीय का, किंवा खाली शून्यापाशी. पेपर फार सोपा असला की हुशार मुलं वरच्या टोकाला अडकतात आणि मध्यमानांतला फरक दबून जातो. तिथे टी-चाचणी अडचणीत येते. तुमचं प्रायोगिक मध्यमान २४.६ आणि विचलन ५.८ बघता ४० ची कमाल अडीच विचलनांहून लांब आहे. गर्दी नसावी, पण लेख काढून खात्री करा.

गट जवळपास सारख्या आकाराचे आहेत, विचलनं जवळपास सारखी आहेत, गुणांत टोकाचं कोणी नाही. अशा वेळी प्रसामान्यतेत थोडं उणं-अधिक असलं तरी टी-चाचणी चांगली चालते. मान-व्हिटनी लावण्यात चूक नाही, पण ती गुणांऐवजी क्रमांकांवर चालते. तिचं पी मूल्य ‘कार्यक्रमाने किती गुण वाढले’ हे सांगत नाही, आणि तुमचा संशोधन प्रश्न नेमका तोच आहे. खात्रीसाठी ती चालवून निष्कर्ष बदलतो का, हे एका ओळीत नोंदवा. बदलत असेल तर तेही लिहा.

दोन, अँकोव्हा का नाही? मला वाटतं परीक्षकांच्या मनात हाच प्रश्न असावा, कारण तुमच्या प्रबंधातली खरी फट इथे आहे. पूर्वचाचणीत प्रायोगिक गट १७.९ आणि नियंत्रित गट १७.१. फरक सार्थक नाही म्हणून तुम्ही लिहिलंत, ‘दोन्ही गट समतुल्य होते.’ सार्थक नाही याचा अर्थ सारखे आहेत असा होत नाही. तुमचं पूर्वचाचणीचं विचलन ५ आहे. त्या ०.८ गुणांच्या फरकाचा विश्वास-अंतराल काढला तर तो उणे १.७ ते अधिक ३.३ असा येतो. एवढ्या लहान नमुन्यात बरीच मोठी तफावतही ‘सार्थक नाही’ म्हणून निसटते. प्रायोगिक गट सुरुवातीलाच पाऊण गुणाने पुढे होता हे तर तुमच्या तक्त्यातच दिसतंय, आणि तुमच्या ३.४ मध्ये त्याचा वाटा आहे.

अँकोव्हा नेमकं हेच करते: पूर्वचाचणीचे गुण हिशेबात धरून उत्तरचाचणीची तुलना. तुमच्याकडे दोन्ही चाचण्यांतला गटांतर्गत सहसंबंध ०.६० आहे. त्यावरून हिशेब केला तर समायोजित फरक ३.४ वरून २.८ वर येतो, पण प्रमाण त्रुटीही १.४८ वरून १.२० वर उतरते. विश्वास-अंतराल साधारण ०.४ ते ५.२. म्हणजे परिणाम थोडा लहान झाला, मोजमाप जास्त नेमकं झालं आणि निष्कर्ष टिकला. हा माझा हाताने केलेला हिशेब आहे. तुम्ही एसपीएसएसमध्ये मूळ गुणांवर चालवून तुमचेच आकडे द्या. चालवण्याआधी दोन्ही गटांत पूर्व-उत्तर गुणांच्या रेषेचा उतार साधारण सारखा आहे का ते तपासा. गट आणि पूर्वचाचणी यांची आंतरक्रिया मॉडेलमध्ये टाकून ते कळतं. उतार फारच वेगळे असतील, समजा कार्यक्रमाचा फायदा फक्त कच्च्या मुलांना झाला असेल, तर एकच समायोजित फरक देणं चुकीचं ठरेल. उपचारात्मक अध्यापनात तसं होणं अगदी शक्य आहे, आणि झालं असेल तर तो तुमच्या प्रबंधातला सगळ्यात रंजक निष्कर्ष असेल.

खुलाशात हे विश्लेषण ‘परीक्षकांच्या सूचनेनंतर केलेलं पूरक विश्लेषण’ असं स्पष्ट म्हणून द्या. मूळ टी-चाचणी काढून तिच्या जागी गुपचूप अँकोव्हा ठेवू नका.

आता उत्तरांचा मसुदा. तुमच्या मार्गदर्शकांना आधी दाखवा, खुलासा त्यांच्या सहीनेच जाईल. लांबी प्रत्येकी अर्ध्या पानाच्या आत ठेवा. नमुन्याबद्दल असं काहीसं:

> ‘नमुना संख्या पॉवर विश्लेषणाने पूर्वनिश्चित केलेली नव्हती. संशोधिकेच्या शाळेतील इयत्ता आठवीच्या उपलब्ध दोन्ही तुकड्या संपूर्ण घेण्यात आल्या (३४ व ३२). या संख्येला, ०.०५ सार्थकता स्तर व ८० टक्के पॉवर धरता, सुमारे ४.२ गुणांचा किंवा त्याहून मोठा फरक ओळखता येतो. प्रत्यक्ष फरक ३.४ गुण असून त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल ०.४ ते ६.४ आहे. त्यामुळे फरकाची दिशा स्पष्ट होते, परंतु त्याचे नेमके प्रमाण या नमुन्यावरून सांगता येत नाही. ही मर्यादा प्रकरण पाचमध्ये नोंदवली आहे.’

शेवटचं वाक्य खरं असावं म्हणून ती मर्यादा खरोखर प्रकरण पाचमध्ये घाला. दुरुस्तीला परवानगी नसेल तर ‘नोंदवण्यात येईल’ असं लिहा. चाचणीबद्दल:

> ‘परतंत्र चल हा ४० गुणांच्या चाचणीतील एकूण प्राप्तांक असून दोन स्वतंत्र गटांच्या मध्यमानांतील फरक गुणांच्या एककात अपेक्षित होता, म्हणून स्वतंत्र नमुन्यांसाठीची टी-चाचणी निवडली. प्रत्येक गटाचे वितरण व विचलन तपासले असता ठळक अडचण आढळली नाही. गट यादृच्छिक नसल्याने पूर्वचाचणीतील फरक विचारात घेणारे अँकोव्हा अधिक योग्य ठरते, हे मान्य आहे. ते पूरक विश्लेषण म्हणून सोबत जोडले असून मुख्य निष्कर्षात बदल होत नाही.’

‘मान्य आहे’ लिहायला कचरू नका. परीक्षकांचा मुद्दा बरोबर असताना त्याला वळसा घातला की मौखिक परीक्षेत तोच प्रश्न दुप्पट वेळ खातो. आणि ‘मार्गदर्शकांनी सुचवलं’ किंवा ‘आधीच्या प्रबंधांत हीच चाचणी आहे’ ही दोन कारणं लेखी कुठेही येऊ देऊ नका.

एक गोष्ट राहिली, आणि ती कुठल्याही चाचणीने सुटत नाही. प्रायोगिक तुकडीला तुम्ही शिकवलं, नियंत्रित तुकडीला दुसऱ्या बाईंनी. मग हे २.८ गुण कार्यक्रमाचे की शिकवणाऱ्या व्यक्तीचे? प्रत्येक बाजूला तुकडी एकच, शिक्षक एकच. मुलं ६६ असली तरी ‘शिक्षक’ या दृष्टीने नमुना एकास एक आहे. तुकड्या २०० मुलांच्या असत्या तरी हा प्रश्न तसाच राहिला असता. परीक्षकांनी हे लेखी विचारलेलं नाही, पण नमुन्याच्या चर्चेतून ते इथे येऊ शकतात. तोंडी उत्तर तयार ठेवा: दोघींचा अनुभव किती, तासिका सारख्या होत्या का, पाठ्यघटक तोच होता का, उत्तरपत्रिका कोणी तपासल्या. तुम्हीच दोन्ही गटांच्या तपासल्या असतील तर हेही सांगावं लागेल. सहकारी बाईंकडून काही उत्तरपत्रिका, नाव आणि तुकडी झाकून, आताही पुन्हा तपासून घेता येतील. दहा-पंधरा उत्तरपत्रिकांचे गुण जुळले तर ते हातात असू द्या.

ज्यांचा आराखडा अजून मंजूर व्हायचाय त्यांच्यासाठी या प्रकरणातून एक हिशेब. मध्यम आकाराचा परिणाम, ०.५, पकडायचा तर टी-चाचणीला प्रत्येक गटात ६४ मुलं लागतात. पूर्वचाचणी घेऊन अँकोव्हा करणार असाल आणि पूर्व-उत्तर सहसंबंध ०.६ असेल, तर त्या संख्येला १ वजा ०.३६, म्हणजे ०.६४ ने गुणा: साधारण ४१-४२ मुलं पुरतात. सहसंबंधाचा अंदाज शाळेच्या घटक चाचणी आणि सत्र परीक्षेच्या गुणांवरून काढता येतो. ते निकालपत्रक शाळेतच असतं. आणि शक्य असेल तर एका मोठ्या तुकडीऐवजी दोन-तीन शाळांतल्या लहान तुकड्या घ्या, दोन्ही बाजूंना वेगवेगळे शिक्षक येतील अशा.

ताई, तुम्ही आज आराखड्याची प्रत काढा, गटवार आयतालेख काढा आणि अँकोव्हा चालवा. उताराच्या तपासणीत आंतरक्रिया ठळक निघाली तर वरचा दुसरा मसुदा वापरू नका. मला आकडे पाठवा, तो परिच्छेद वेगळा लिहावा लागेल.